टोनरवर ८८ए लिहिलंय, पण चिप कशाची? (माझा अनुभव)

पंचवटीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, दोन प्रिंटर, एक जुना एचपी १०२० आणि एक P1108. मागच्या महिन्यात एका बंद होणाऱ्या ऑफिसातून सात टोनर कार्ट्रिज स्वस्तात मिळाले, सगळे रिफिल केलेले, काहींवर लेबल नाही, काहींवर नुसता रिफिलवाल्याचा स्टिकर.

आधी सगळे उलटेपालटे करून चिप शोधली. चिप म्हणजे एका टोकाला चिकटवलेला छोटासा तुकडा, त्यावर सोनेरी पट्ट्या. चार कार्ट्रिजला चिप नव्हती आणि चिपची जागासुद्धा नव्हती. ते माझ्या १०२० मधल्या १२ए शेजारी ठेवले, शेप तंतोतंत तोच, हे तर कळलंच. कॅननच्या २९०० चं ३०३ पण याच घडणीचं असतं, त्यालाही चिप नसते, म्हणून लेबल नसेल तर १२ए आणि ३०३ मध्ये फार डोकं लावू नका.

उरले तीन, चिपवाले, जरा बारीक. यातच मी फसलो. एकावर स्टिकर होता "88A", आणि P1108 ला ८८ए च लागतं, म्हणून लगेच घातलं, आत टक् करून बसलं, झाकण पण लागलं, पण प्रिंटर काही घेईना, कॉम्प्युटरवर कार्ट्रिजचा एरर. काढून चिप कोरड्या मऊ कपड्याने पुसली, पुन्हा तेच.

एमजी रोडवर ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे घेऊन गेलो. तो म्हणाला, "भाऊ, स्टिकर काढून बघितला का?" त्याने हेअर ड्रायरने स्टिकर गरम केला, हळूच सोलला, खाली मूळ कंपॅटिबल लेबल, "35A / 36A / 85A". ८८ए चं नावच नाही. ही सगळी खोकी जवळपास एकाच मापाची, म्हणून बसतात, रिफिलवाला वरून हवा तो स्टिकर मारतो. चिप मात्र आतून वेगळी, आणि डोळ्यांनी बघून ८५ए ची कुठली न ८८ए ची कुठली हे कळत नाही, दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या मी.

मग त्याने माझ्या जुन्या रिकाम्या ८८ए ची चिप पातळ ब्लेडने उचकटली, या खोक्यावरची काढली आणि जुनी त्याच जागी त्याच दिशेने डबल टेपने बसवली. पट्ट्यांना बोट लावायचं नाही आणि चिप वर उचललेली राहता कामा नये, नाहीतर प्रिंटरच्या पिना नीट टेकत नाहीत. प्रिंट लगेच आली, एकदम काळीभोर. फक्त टोनर लो दाखवतं, कारण चिपमध्ये जुनाच हिशोब आहे, पण प्रिंट थांबत नाही, तेव्हापासून फॉर्म काढतोय.

उरलेल्या दोघांचे स्टिकर मी घरीच सोलले, एकाखाली "CC388A" निघालं, ते ८८ए च, ते सरळ चाललं. दुसऱ्याखाली काहीच नाही, त्यावर "चिप बदलायची" असं मार्करने लिहून ठेवलंय. आणि रिकामं ८८ए आता कधीच भंगारात देत नाही, आधी चिप काढून डबीत टाकतो.