बुडीत मांडलेले २५,००० परत आले आणि मी मागचं वर्ष उघडलं

बँकेच्या पासबुकाशी हिशेब जुळवताना २२,५०० ची एक जमा कुणाच्याच नावावर बसेना. कुठल्याच ग्राहकाच्या बाकीशी ती रक्कम जुळत नव्हती, आणि तपशिलात नुसता एक क्रमांक होता. अशा वेळी ती सस्पेन्स खात्यात ठेवायची असते, तशी मी ठेवली. चार दिवसांनी एक नाव कानावर आलं. दोन वर्षांपूर्वी ज्याचे ६०,००० आम्ही बुडीत मांडले होते, त्या ग्राहकाकडून वसुली एजंटाने काहीतरी मिळवलं होतं म्हणे.

मी फार विचार केला नाही. पैसे ग्राहकाकडून आले म्हणजे ग्राहकाच्या खात्यात जमा, हे हाताला बसलेलंच होतं. २२,५०० त्याच्या खात्यात टाकले आणि सस्पेन्स रिकामं झाल्याच्या आनंदात पुढच्या कामाला लागले.

तेरीज जुळली, आणि ती जुळणारच होती. बँक नावे, ग्राहक जमा, दोन्ही बाजू सारख्या. चूक वेगळ्याच ठिकाणी उघडी पडली. महिनाअखेरीला येण्यांची मुदतवार यादी काढली तेव्हा त्या ग्राहकापुढे वजा २२,५०० होतं. बुडीत मांडतानाच त्याचं खातं शून्य झालं होतं; शून्यात जमा केली की खातं उलटं होतं, जणू आपणच त्याचे देणेकरी आहोत. शिवाय बाकी सगळ्यांची येणी मिळून ४,१८,००० होती, ती यादीच्या बेरजेत ३,९५,५०० दिसत होती. म्हणजे दुसऱ्या लोकांकडून येणं असलेल्या पैशातून या जुन्या वसुलीची रक्कम वजा झाली होती, आणि नफ्यात तिचा पत्ताच नव्हता.

त्याच सुमारास एजंटाचं पत्र मिळालं. ग्राहकाने दिले होते २५,०००. त्यातून दहा टक्के कमिशन, २,५००, कापून त्याने उरलेले बँकेत भरले होते.

आता मला एक फार सुबक वाटणारी युक्ती सुचली. ६०,००० बुडीत मांडले, पण त्यातले २५,००० बुडालेच नव्हते की! मग दोन वर्षांपूर्वीची नोंदच ३५,००० ची करू. सॉफ्टवेअरने मागचं वर्ष उघडू दिलं, मी आकडा बदलला. ग्राहकाच्या खात्यात २५,००० ची बाकी उगवली, दोन्ही वर्षं पुढे ओढली गेली, आणि या वर्षी आलेले २२,५०० आणि कमिशनचे २,५०० जमा केल्यावर बरोबर शून्य झाली. वजा रक्कम गायब. माझ्या दृष्टीने काम फत्ते.

ही सफाई आठवडाभरच टिकली. आमच्याकडे हिशेब बघायला येणाऱ्या वरिष्ठ मॅडम कुठलंही काम सुरू करण्याआधी एक गोष्ट करतात: सही झालेला मागचा ताळेबंद शेजारी ठेवून या वर्षाच्या आरंभीच्या शिलका एकेक टिकमार्क करतात. भांडवल जुळेना. येणी जुळेनात. दोन्हीकडे फरक तोच, २५,०००.

"मागच्या वर्षात हात घातलात का?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी बॅकअपवरून जुनी वर्षं पूर्ववत करायला लावली. मग म्हणाल्या, "ज्या दिवशी बुडीत मांडलं, त्या दिवशी तुम्हाला काय माहीत होतं ते फाइलमध्ये बघा."

फाइल जाडजूड होती. परत आलेली तीन पत्रं, बंद पडलेला फोन, जागा सोडून गेल्याचा एजंटाचा अहवाल. त्या माहितीवर ६०,००० बुडाले असंच कुणीही म्हटलं असतं. तो अंदाज होता, आणि हाती असलेल्या माहितीवर बरोबर होता. पुढे ग्राहकाचं मन बदललं किंवा दिवस पालटले, ही नंतरची घटना. तिचा परिणाम ती घडली त्या वर्षात दाखवायचा. आज मला जे कळलं ते दोन वर्षांपूर्वीच्या हिशेबात घालणं म्हणजे त्या वेळच्या सही करणाऱ्यांना भविष्य दिसत होतं असं भासवणं.

पण मॅडमनी एक काम वाढवून दिलं, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षीचं बँकेचं पुस्तक चाळून बघायला सांगितलं की या ग्राहकाचे पैसे तेव्हाच आले असून चुकून दुसऱ्याच नावावर तर पडले नाहीत ना. तसं सापडलं असतं, तर ती वसुली नसती, जुनी चूक असती. आणि रक्कम मोठी असेल तर जुन्या चुकीची दुरुस्ती वेगळी दाखवावी लागते, तीही उघडपणे, टीप देऊन. सारख्या आडनावाची दोन खाती होती, म्हणून अर्धा दिवस गेला. काही सापडलं नाही. म्हणजे ही खरोखरच या वर्षीची वसुली.

मग नोंदी झाल्या त्या दोन. पहिली: ग्राहकाचं खातं नावे २५,०००, बुडीत कर्ज वसूल खाते जमा २५,०००. दुसरी: बँक नावे २२,५००, वसुली कमिशन नावे २,५००, ग्राहकाचं खातं जमा २५,०००. पहिली चुकीची जमा, सस्पेन्स आणि कमिशनच्या नोंदींसकट, अर्थातच आधी उलटवली. ग्राहकाला मध्ये न आणता बँक आणि कमिशन नावे करून वसूल खात्यातच थेट जमा केलं असतं तरी नफा तोच आला असता. पण मग उद्या हाच माणूस उधारीवर माल मागायला आला, तर त्याचं खातं फक्त ६०,००० बुडवल्याचं सांगेल, २५,००० आणून दिल्याचं नाही. बाजू पूर्ण दिसावी म्हणून हा एक फेरा.

बुडीत कर्ज वसूल खातं वर्षअखेरीला नफा-तोटा पत्रकाच्या जमेच्या बाजूला जातं. मला ते या वर्षीच्या बुडीत रकमेतून वजा करून एकच आकडा दाखवायचा मोह झाला. या वर्षी बुडाले होते ९,०००. वजाबाकी केली तर बुडीत खर्च उणे १६,००० आला असता. वाचणाऱ्याने त्यातून काय समजायचं? आमच्या अंतर्गत पत्रकात दोन्ही ओळी वेगळ्या ठेवल्या. नोंदीच्या तपशिलात जुन्या व्हाउचरचा क्रमांक आणि तारीख लिहिली; जुन्या व्हाउचरला हात लावला नाही.

राहिले ३५,०००. उरलेलेही देईन असं ग्राहकाने एजंटाला सांगितल्याचं कळताच मालक म्हणाले, "मग ते येण्यात धरा की आता."

"चेक वटला की धरू," मॅडम म्हणाल्या. "त्याने एकदा दिलेला शब्द आपण बुडीत मांडून झालोय."

त्यामुळे ३५,००० फक्त बुडीत येण्यांच्या टिपणवहीत आहेत. ती वही हिशेबाचा भाग नाही, नुसती आठवण. तिथे ६०,००० समोर २५,००० लिहून बाकी काढली, आणि ग्राहकाला पावती पाठवली. ती २२,५०० ची नव्हे, २५,००० ची. कमिशन आमचं होतं, त्याचं नाही.