एका ‘च’ने अडवलं

आज संध्याकाळी भाचीचं वादविवादाचं भाषण तपासलं. विषय आमच्या नाशिकचाच: ‘गोदावरीत गणेशमूर्ती विसर्जनावर बंदी असावी’. ती अनुकूल बाजूने, वेळ चार मिनिटं.

तिचं पहिलंच वाक्य होतं, ‘मूर्तींमुळेच गोदावरी प्रदूषित झाली.’ मी त्या ‘च’वर बोट ठेवलं. समोरचा उठून एवढंच म्हणेल, ‘मग वर्षभर नाल्यांतून येणारं सांडपाणी?’ आणि मुद्दा तिथेच आडवा. आम्ही तो दावा लहान केला: ‘प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात लवकर विरघळत नाहीत, नदीत पडून राहतात.’ हे खोडणं अवघड.

मग मी प्रतिपक्ष झाले. ‘शाडूची मूर्ती तर विरघळते, तिच्यावर बंदी कशाला?’ ती गप्प. खरा कच्चा दुवा हाच होता. बऱ्याच वेळाने तिनेच उत्तर शोधलं: ‘विरघळली तरी गाळ नदीतच बसतो. बादलीत विसर्जन केलं तर तीच माती पुन्हा वापरता येते.’ किती आनंद झाला मला!

तिचे दुसरा आणि तिसरा मुद्दा मुळात एकच होते, ते जोडले. वाचलेला अर्धा मिनिट खंडनासाठी मोकळा ठेवलाय. उद्या घड्याळ लावून पुन्हा बसणार आहोत.