पोत्यावर कालवलेली माती

आमचं रान लातूर जिल्ह्यात, उताराचं. वरचे दोन एकर मुरमाड, खालचे ओढ्याकडचे काळेभोर. हरभरा निघाल्यावर एप्रिलमध्ये मी आणि तात्यांनी माती तपासणीसाठी दोन्ही तुकड्यांचे वेगवेगळे नमुने काढले. माती एकत्र केली असती तर आलेले आकडे दोन्हीपैकी एकाही रानाचे नसते.

काढणी तशी नीट झाली. नागमोडी चालत प्रत्येक तुकड्यात दहा ठिकाणी, बांध, उकिरडा आणि लिंबाची सावली सोडून, इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा केला. आतली माती काढून टाकली आणि खड्ड्याच्या कडेची दोन बोटं जाड माती वरून खालपर्यंत खुरप्यानं तासून घेतली. नुसती वरची माती घेऊन चालत नाही.

चूक झाली ती पुढं. खालची माती जुन्या लुगड्यावर कालवली, वरच्या तुकड्याची मात्र तात्यांनी खळ्यात पडलेल्या डीएपीच्या रिकाम्या पोत्यावर. ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. तेही त्याच पोत्यावर.

पत्रिका आली. काळ्या रानात स्फुरद हेक्टरी 15 किलो, मुरमाडात 64! तात्या खूश. "म्हणजे यंदा खत निम्मं!" पण नत्र दोन्हीकडं कमी, आणि ज्या माळाला आम्ही कधी हात सैल सोडून खत दिलं नाही तिथं स्फुरद चौपट? पोत्याच्या शिवणीत अडकलेले स्फुरदाच्या खताचे दाणे तेव्हा आठवले. चार दाणे अर्ध्या किलोत गेले की आकडा बिघडतो.

मे महिन्यात वरचा नमुना पुन्हा काढला. लुगड्यावर कालवला, सावलीत वाळवला, कापडी पिशवीत चिठ्ठी घालून दिला. स्फुरद 12 निघालं, म्हणजे कमी. नत्र 165, तेही कमी. पालाश 290, जास्त. गंधकही कमी.

सोयाबीनची शिफारस हेक्टरी 30:60:30, म्हणजे एकरी 12:24:12. पत्रिकेत 'कमी' असेल तर पाव हिस्सा वाढवायचा, 'जास्त' असेल तर पाव कमी करायचा. एकरी नत्र 15, स्फुरद 30, पालाश 9 किलो झालं. तात्यांनी आधी हेक्टरचेच आकडे एकराला धरले होते, म्हणजे अडीच पट खत!

दुकानदार म्हणाला, "एक पोतं डीएपी न्या, झालं." त्यात स्फुरद 23 किलोच येतं आणि गंधक अजिबात नाही. आम्ही एकरी पावणेचार पोती सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं, त्यात गंधकही आलं. जोडीला 33 किलो युरिया आणि 15 किलो पोटॅश.

डीएपीचं ते पोतं आता मोटारीच्या पेटीवर झाकण म्हणून आहे.