हंगेरियन क्रियापद कर्माकडे बघून बदलतं

बुडापेस्टला आल्यावर हंगेरियन शिकताना सगळ्यात जास्त वेळ मी एकाच गोष्टीला दिला. या भाषेत एकाच क्रियापदाचे प्रत्ययांचे दोन संच असतात आणि त्यांतला कोणता लावायचा हे कर्म ठरवतं. 'मला एक घर दिसतं' म्हणजे 'लातोक एद्य हाझॉत'. 'मला ते घर दिसतं' म्हणजे 'लातोम ऑ हाझॉत'. दोन्हीकडे बघणारी मीच, तरी 'ओक'चं 'ओम' होतं. पहिलं अनिश्चित रूप, दुसरं निश्चित.

मराठी माणसाला कर्माकडे बघायची सवय असतेच: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. पण आपण कर्माचं लिंग-वचन बघतो, तेही भूतकाळात. इथे कर्म निश्चित आहे का, हे प्रत्येक काळात बघावं लागतं.

'ऑ' हे निश्चित उपपद दिसलं की काम सोपं. विशेषनामं आणि 'माझं', 'तुझं' असा मालकीचा प्रत्यय लागलेली नामंही निश्चितच धरतात. पुढे मात्र अर्थावरून अंदाज बांधता येत नाही. 'प्रत्येक' या अर्थाच्या 'मिन्देन'बरोबर अनिश्चित रूप येतं, तर जवळजवळ त्याच अर्थाच्या 'मिन्देद्यिक'बरोबर निश्चित. प्रश्नांतही तसंच. 'काय वाचतोस?' हे 'मित ओल्वॉशोल?', पण 'कोणतं वाचतोस?' हे 'मेयिकेत ओल्वॉशोद?'. अशी जोडी दिसली की मी ती क्रियापदासकट वहीत लिहायचे. सुटा शब्द पाठ करून उपयोग होत नाही.

सर्वात विलक्षण भाग सर्वनामांचा. 'तो त्याला बघतो' यात निश्चित रूप, 'लात्यॉ'. पण 'तो मला बघतो' यात अनिश्चित, 'लात एंगेम'. 'मी'इतकं निश्चित दुसरं काय असणार? तरी व्याकरणाच्या लेखी निश्चित कर्म तृतीय पुरुषातलंच लागतं. आणि कर्ता 'मी', कर्म 'तू' असेल तर वेगळाच प्रत्यय येतो: 'लात्लॉक', मी तुला बघते. कर्ता आणि कर्म दोन्ही एका शब्दात. मला या भाषेतलं हे रूप फार आवडतं.

कर्म दुसऱ्या क्रियापदाचं असलं तरी प्रत्यय मुख्य क्रियापदालाच लागतो. 'एक सिनेमा बघायचाय' हे 'मेग ऑकॉरोक नेझ्नी एद्य फिल्मेत', आणि 'तो सिनेमा बघायचाय' हे 'मेग ऑकॉरोम नेझ्नी ऑ फिल्मेत'. बघायचा आहे सिनेमा, पण बदलतं 'इच्छिणं'. हे लक्षात आल्यावर मी वाक्य उलट्या बाजूने बांधू लागले: आधी कर्म ठरवायचं, मग तोंड उघडायचं.

प्रत्यय चुकला की ते समोरच्याच्या प्रतिसादावरून कळतं. नुसतं 'ओल्वॉशोम' म्हटलं तर 'ते वाचतेय' असा अर्थ होतो. आधी कशाचा उल्लेख झालेला नसेल तर लगेच विचारतात, 'मित?' भूतकाळात 'मी'च्या रूपाला मात्र सवलत आहे. 'ओल्वॉश्तॉम' दोन्हीकडे तेच राहतं, म्हणून सुरुवातीला काल काय वाचलं हे सांगणं मला आज काय वाचतेय यापेक्षा सोपं जायचं.