चल, दात मोजू या

लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर एखादी ओळ लिहायची, तर ती कोणासाठी लिहायची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्याची भीती घालवायची तो रुग्ण दीड-दोन वर्षांचा असतो आणि त्याला वाचता येत नाही. ज्यांना वाचता येते, ते आईवडील आपण मुळीच घाबरलेलो नाही, अशा थाटात पाटीखालून आत जातात. माझ्या भाचीने सांगलीत बालदंतचिकित्सेचा दवाखाना काढायचे ठरवले, तेव्हा ती म्हणाली, "मामा, तू आयुष्यभर साबणांच्या आणि केसांच्या तेलांच्या ओळी लिहिल्यास, आता माझ्यासाठी एक लिही. पहिल्यांदा येणाऱ्या मुलाची भीती जाईल, अशी." अट एवढीच होती, आणि ती ऐकून मला काम हलके वाटले.

पहिल्या बैठकीत मी तिच्यापुढे ठेवलेल्या ओळी तिने ज्या शांतपणे बाद केल्या, त्यावरून तिच्या हातात चिमटा कसा चालत असेल, याची मला कल्पना आली. "इथे दुखत नाही" ही ओळ पहिली गेली. तिचे म्हणणे असे की, आपल्याला काही दुखणार आहे हे मुलाच्या मनातही नसते. ते आपण त्याला सांगतो, आणि मग ते नसल्याची ग्वाही देतो. लहान मूल वाक्यातला 'नाही' मागे टाकते आणि 'दुखणे' तेवढे उचलते. शिवाय उद्या कधी खरोखर टोचावे लागले, तर डॉक्टर खोटे बोलतात हा धडा त्याला पाटीनेच दिलेला असेल. वेदनारहित उपचारांसारखी छातीठोक विधाने दंतवैद्यांच्या आचारसंहितेत तशीही बसणारी नव्हती. "शूर मुलांचा दवाखाना" ही ओळ मला फार आवडली होती, पण शौर्य लागावे असे तिथे आहे तरी काय, या तिच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. "हसत या, हसत जा" हीदेखील गेली, कारण जे मूल रडत येईल आणि रडतच जाईल, त्याने जणू दवाखान्याचा नियम मोडला, असा तिचा अर्थ होतो. दोन वर्षांच्या मुलाने अनोळखी माणसापुढे तोंड उघडताना रडावे, यात तिला काहीच वावगे वाटत नाही. उलट रडताना तोंड इतके छान उघडते की सगळ्या दाढा दिसतात, असे ती म्हणते.

पाटीवरची ओळ मुलापर्यंत पोहोचते ती आईच्या तोंडून, हे माझ्या ध्यानात आले ते तिच्याबरोबर एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या दवाखान्यात बसलो असताना. बाहेरच्या बाकावर एक आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवत सारखी म्हणत होती, "काही होणार नाही हं, घाबरायचं नाही, डॉक्टर काही करणार नाहीत." शेजारी बसलेल्या आजीबाई आणखी पुढे गेल्या होत्या : "रडलास तर मात्र सुई टोचतील." लस टोचताना मुलांचे बारकाईने निरीक्षण करणाऱ्यांना असे आढळले आहे की, मोठ्यांनी वारंवार दिलेल्या अशा दिलाशाने मुलाचा त्रास कमी होत नाही, बहुधा वाढतोच. एरवी 'घाबरू नको' असे आपण त्याला कधी म्हणतो, हे मुलाला पक्के ठाऊक असते. ती आई मुलाचे वाईट चिंतीत नव्हती. तिला दुसरे वाक्य माहीत नव्हते, इतकेच. मग पाटीवर तेच वाक्य का असू नये, जे आईने रिक्षात बसल्यावर मुलाला सांगावे आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी जसेच्या तसे खरे करून दाखवावे?

त्यासाठी पहिल्या भेटीत नेमके काय होते, हे मला पाहावे लागले. तीन वर्षांखालच्या मुलाला मोठ्या खुर्चीत बसवतच नाहीत. डॉक्टर आणि आई समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसते, पाय तिच्या कमरेच्या दोन बाजूंना, आणि मग त्याला हळूच मागे असे आडवे करतात की डोके डॉक्टरांच्या मांडीवर येते. त्याचे हात आईच्या हातात असतात आणि सबंध वेळ आईचा चेहरा त्याला दिसत राहतो. डॉक्टरांच्या हातात एक छोटा गोल आरसा असतो. तो आधी मुलाच्या नखावर टेकवायचा, त्यात त्याचे त्याला नाक दाखवायचे आणि मगच तोंडात न्यायचा. आधी सांगणे, मग दाखवणे आणि त्यानंतर करणे, ही पद्धत ॲडलस्टन यांनी 1959 साली मांडली आणि बालदंतचिकित्सेत आजही तिच्यावाचून कोणाचे पान हलत नाही. त्यानंतर डॉक्टर मोठ्याने दात मोजतात. बस्स, मुलाच्या बाजूने पाहिले तर पहिल्या भेटीत घडते ते एवढेच, आणि तेही दोन-तीन मिनिटांत.

मोजता मोजता डॉक्टरांचे डोळे दुसरेच काम करत असतात. कापसाने वरचे पुढचे दात पुसून कोरडे केले की हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते का, हे त्या पाहतात. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांच्या दातांना कीड लागायला सुरुवात होते ती तिथून. खालचे पुढचे दात जिभेच्या आणि लाळेच्या आडोशाने बहुधा वाचतात. दात ओला असताना ही रेघ सहज नजरेत येत नाही, म्हणून घरी ती कोणाला दिसलेली नसते. या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप आणि बाटलीची सवय सोडवणे एवढ्यानेही काम भागू शकते. पुढे तिची तपकिरी खाच झाली, की मग यंत्राची घरघर आली.

मोजण्यात आणखी एक सोय आहे आणि ती मला भाचीने दाखवली. दुधाचे दात वीस. मोजणी विसाच्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणजे जे काही चालले आहे ते कुठे संपणार, हे चार वर्षांच्या मुलाला आधीच कळते. आणि ज्याचा शेवट ठाऊक आहे, ते सोसायला सोपे जाते. वर्षभराच्या बाळाचे काही वेळा खालचे दोनच दात आलेले असतात. तिथे डॉक्टर "एक, दोन" म्हणतात आणि टाळ्या वाजवून मोकळे होतात. आईला हे इतके थोडक्यात आटोपलेले पाहून जो धक्का बसतो, तो पाहण्यासारखा असतो.

तेव्हा ओळ ठरली : "चल, दात मोजू या." मधल्या काळात "आज फक्त दात मोजू या" असा एक पाठही होता आणि मी त्याच्यावर खूश होतो, परंतु 'आज फक्त' म्हटले की उद्या काय, अशी शंका मुलाच्या नव्हे, तरी आईच्या मनात उभी राहतेच. 'चल' मात्र जिंकले, कारण ते कोणीही कोणालाही म्हणू शकते : आई मुलाला, ताई धाकट्याला आणि दारात येऊन डॉक्टरसुद्धा.

ओळीखाली लहान अक्षरांत भाचीने स्वतः एक वाक्य घातले : "पहिला दात दिसला की, किंवा पहिल्या वाढदिवसापर्यंत." मला ते पाटीवर जड वाटले होते, तिला तेच महत्त्वाचे वाटत होते. तिच्या मते पहिल्या भेटीची भीती घालवण्याचा खरा उपाय तारखेत आहे. आपल्याकडे मूल दातांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाते ते बहुधा दाढ ठणकू लागल्यावर, रात्रभर जागून, गाल सुजवून. तोवर घरात "दुधाचेच दात, पडणारच आहेत" हे वाक्य चालू असते. मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत मुलाला चावायला लागते, हे कोणी सांगितलेले नसते. अशा दिवशी तोंड उघडले की दुखते आणि डॉक्टरांचा चेहरा त्या दुखण्याशी कायमचा जोडला जातो. दुखत नसताना एकदा येऊन गेलेले मूल पुढे दुखत असताना आले, तरी त्याला ती खोली, तो आरसा आणि ती व्यक्ती ओळखीची असते.

पाटीवरचे शब्द जिथे तोकडे पडतात ती जागाही हीच. सुजलेला गाल घेऊन पहिल्यांदाच आलेल्या मुलाला "चल, दात मोजू या" म्हणणे ही फसवणूक होईल, आणि तसे म्हणायचे नाही, असे तिने मदतनीस ताईंना बजावून ठेवले आहे. अशा मुलाला ती सांगते की हा दात आपण झोपवणार आहोत, त्याआधी थोडेसे टोचेल, मी पाचपर्यंत मोजेन, आणि तुला थांबावेसे वाटले तर डावा हात वर कर. हात वर झाला की ती खरोखर थांबते. मोजणी इथेही आहेच, पण तिचे काम वेगळे आहे.

ओळ लागू पडली की नाही, हे कसे कळावे? जाहिरातीच्या धंद्यात याचे उत्तर विक्रीच्या आकड्यांत असते. भाची मात्र केसपेपरच्या कोपऱ्यात प्रत्येक भेटीला अधिक-उणे अशी खूण करते. दोन उणे म्हणजे साफ नकार, एक उणे म्हणजे कुरकुर, एक अधिक म्हणजे जपून का होईना सहकार्य, आणि दोन अधिक म्हणजे मूल रमले. 1962 सालापासून चालत आलेल्या फ्रँकल यांच्या चार पायऱ्या त्या याच. पहिल्या भेटीची खूण तिच्या लेखी फारशी मोलाची नसते, कारण दीड वर्षाचे मूल उणेच असणार. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीची खूण पाहते. मला मात्र याहून सोपा पुरावा फोनवर सापडला. लोक आता वेळ मागताना "मुलाचे दात दाखवायचे आहेत" असे न म्हणता "दात मोजायला आणायचे आहे" असे म्हणू लागले आहेत. स्वतःची ओळ लोकांच्या तोंडी अशी बिनबोभाट रुजलेली ऐकण्याचे सुख साबणाने मला कधी दिले नव्हते.

तक्रार आली ती एका वडिलांची. तपासणीची फी दिल्यावर त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारले, "म्हणजे डॉक्टर, एवढे पैसे फक्त मोजण्याचे?" भाचीने त्यांना मुलाचा वरचा ओठ उचलून, दात कोरडा करून, ती पांढरी रेघ दाखवली आणि झोपताना बाटली कोण देते, असे विचारले. ते गप्प झाले, कारण देणारे तेच होते. तेव्हापासून ती प्रत्येक पालकाला वीस दातांचे चित्र छापलेला एक कागद देते. आलेल्या दातांवर खूण, संशयित दाताभोवती गोल, आणि खाली ब्रशवर पेस्ट किती घ्यायची ते : तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. त्या कागदाच्या माथ्यावर वडिलांना पटेल अशी एक ओळ मी द्यावी, अशी तिची आता मागणी आहे. मुलांची ओळ लिहिणे परवडले. ही काही केल्या जमत नाही.