जिना सरळ उतरता आला

आज संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावरून सरळ उतरले. कठडा न धरता, एकापुढे एक पाय टाकत, इतर सगळे उतरतात तशी. खाली रिक्षाच्या रांगेत उभी राहिल्यावर ते लक्षात आलं आणि बरं वाटायच्या ऐवजी एकदम भरून आलं. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं मग चांगलंच झालं की." चांगलंच झालं. तरी जेवण गेलं नाही नीट. म्हणून लिहायला बसले.

हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकहून परतताना, ट्रेकभर माझ्याबरोबर असलेली ती मुलगी कल्याणला दुर्गाडीपाशी उतरली तेव्हा बस झोपलेली होती. मीही अर्धवट झोपेतच होते. तिने खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "काकू, उद्या-परवा जास्त दुखेल. जिना उतरताना आडव्या उतरा, कठडा धरून. आठवड्याभरात जाईल." मी "हो" म्हणाले. तोवर ड्रायव्हरने तिची सॅक डिकीतून काढून रस्त्यावर ठेवली होती. मागून ट्रकचा हॉर्न, दार बंद, गाडी कोनगावच्या दिशेने निघालीसुद्धा.

भेटू नाही, फोन करा नाही, घरी या नाही.

तिने सांगितलं तसंच झालं. सोमवारी दुखलं, मंगळवारी त्याहून जास्त. चढताना दम लागतो, पण मांड्या मोडतात त्या उतरताना. शरीराचा भार प्रत्येक पावलाला झेलून धरावा लागतो ना, आणि तो ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. सोसायटीची लिफ्ट बंद, त्यामुळे रोज कठड्याकडे तोंड करून एकेक पायरी उतरत होते आणि प्रत्येक पायरीला तिचं वाक्य कानात. आज पाय मोकळा झाला, तसं ते वाक्यही संपलं. तेच सलतंय बहुतेक.

खरं सांगायचं तर आधी रागच आला होता. रतनवाडीपासून आम्ही बरोबर. कात्राबाईच्या खिंडीतल्या जंगलात पुढे ती, मागे मी. कुमशेतला एका ताटात भाकरी मोडून खाल्ली. पाचनईहून गडावर चढताना तिने आपल्या आजीबद्दल जे सांगितलं ते इथेही लिहिणार नाही. आणि तोलार खिंड! गडावरून खिरेश्वरकडे येताना खिंडीच्या वरचा तो कातळाचा टप्पा. रेलिंग आहे, पण दोन रेलिंगच्या मधल्या जागेत नुसता घसारा, बारीक खडी, बूट ठेवला की सरकतो. माझा उजवा गुडघा तोवर बोलायला लागला होता. ती माझ्या दोन पावलं खाली, माझ्याकडे तोंड करून, स्वतः उलटी उतरत होती. "काठी आधी खाली टेकवा. आता डावा. टाच नका रोवू, पूर्ण तळवा ठेवा. गुडघा थोडा वाकलेला असू द्या. हं, आता उजवा. इथे बसा सरळ, बसून घ्या." खिंडीतल्या वाघाच्या शिल्पापाशी पोचेपर्यंत तिची ही बडबड थांबली नाही. पुढची मंडळी केव्हाच जंगलात शिरली होती. मागे राहणाऱ्या दादांनी दोनदा "मी घेतो त्यांना" म्हटलं, तरी ती हलली नाही.

एवढं केल्यावर माणूस "आडव्या उतरा" म्हणून निघून जातं? मंगळवारी रात्री मी ताईला फोन करून रडले होते. म्हटलं, मी तिच्यासाठी एक दुखरा गुडघा होते बस. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यालाही तिने असंच उतरवलं असतं. ताई म्हणाली, "मग त्यात वाईट काय?" मी फोन ठेवून दिला. ताईचं हे नेहमीचंच.

बाकीच्यांचे निरोप आठवून बघितले. खिरेश्वरला जेवण झाल्यावर आम्हाला गोल बसवलं होतं. प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे. आपण एक कुटुंब झालो. दर महिन्याला भेटायचं. पुढचा ट्रेक इथूनच ठरवून उठायचं. बोलणाऱ्यांचे डोळे खरंच भरले होते, मीही मनापासूनच बोलले. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "पिठलं मस्त होतं, निघायच्या आधी मावशींना कुणीतरी सांगा." सगळे हसले. मग सांगायला तीच उठून गेली.

माळशेज उतरला तशी गाडीत अंताक्षरी, मुरबाडला दिवे मालवले. अशा सहलीचा निरोप एकदम होतच नाही, तो नाक्यानाक्यावर सुटा सुटा होतो. माजिवड्याला दोघे उतरले तेव्हा पाचसहा जण जागे होते, त्यांना मिठ्या मिळाल्या. तीन हात नाक्याला मी उतरले, माझ्याबरोबर फोटोही काढला. पुढे ऐरोली-वाशीची मंडळी राहिली, त्यांच्यातल्या शेवटच्याला ड्रायव्हरनेच अच्छा म्हटलं असणार. सगळ्यांचं मिळून एकच वाक्य होतं: भेटू नक्की.

ग्रुपवर आधी फोटो आले, मग कोकणकड्यावरचे तेच फोटो पुन्हा आले. मग जीपच्या पैशांचा हिशेब, मग "माझी हेडटॉर्च कुणाच्या सॅकमध्ये गेली का". महिन्याच्या भेटीसाठी कुणीतरी रविवार सुचवला, त्याला तीन अंगठे आले आणि त्याखाली आता सुप्रभात सुरू झालंय. मी कुणाला दोष देत नाही. सोमवारी सकाळी ज्याला त्याला आपापली लोकल आहे. पण त्या गोलात जे बोललो ते सांभाळायला वर्षं लागतील असं होतं, आणि आमच्याकडे होते ते मोजके दिवस. तिने मात्र पुढच्या आठवड्याभरात मला जे लागणार होतं तेवढंच दिलं, आणि ते पुरलं. हे आत्ता लिहिताना कळतंय. मंगळवारी कळलं असतं तर ताईवर एवढी चिडले नसते.

तरीही "भेटू" म्हणाली असती तर? आवडलं असतं मला. ते आवडणं काही जात नाही.

मघाशी तिला मेसेज लिहायला घेतला. पहिल्यांदा लिहिलं, तुझे उपकार विसरणार नाही. पुसलं, ती अवघडली असती. मग लिहिलं, कधी ठाण्याला आलीस तर घरी ये. तेही पुसलं, कारण मग तिलाही "हो नक्की" लिहावं लागलं असतं आणि आम्ही दोघी त्या गोलात जाऊन बसलो असतो. शेवटी एवढंच पाठवलं: "आज स्टेशनचा जिना सरळ उतरले. आठवडाभर कठडा धरून, आडवी, तू सांगितलंस तशी. तोलार खिंडीत तू सगळा कातळ माझ्याकडे तोंड करून उलटी उतरलीस, ते मला दिसलं होतं. तेव्हा बोलता आलं नाही, माझं लक्ष पायांत होतं."

दोन निळ्या खुणा आल्या. मग तिचं उत्तर: "अरे वा काकू! आता चार दिवस जड सामान नका उचलू."

हे वाचून मोठ्याने हसले. हे बाहेरून विचारायला आले, काय झालं. म्हटलं, सामान उचलायचं नाहीये चार दिवस. उद्याचा बाजार तुमच्याकडे.

तिचा नंबर "कल्याण, तोलार खिंड" असा सेव्ह केलाय. फोटो उतरवून झाले की ग्रुपमधून मात्र बाहेर पडेन म्हणते. ताईच्या मते तो आगाऊपणा दिसेल. दिसू दे.