प्रुफं, पहाट आणि पगाराच्या सहा टक्के

नोकरी सांभाळून करण्यासारखं जोडकाम शोधताना, संध्याकाळी घरी आल्यावर माझ्यात काय उरलेलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला आधी विचारला. कशातून जास्त पैसे मिळतील, हा नंतर. बोलायची ताकद अजिबात उरत नाही, म्हणून शिकवण्या बाद. घरगुती वस्तू विकायच्या तर माल भरा, पार्सलं बांधा, गिऱ्हाइकांचे निरोप सांभाळा, तेही बाद. उरलं मुद्रितशोधन, म्हणजे पुस्तकांची प्रुफं तपासणं. भांडवल नाही, कुणाशी बोलायचं नाही, वेळ आपली. नोकरीच्या करारात बाहेरचं काम करायला मनाई नाही ना, तेवढं पाहून घेतलं.

हिशेबासाठी एक मोजपट्टी ठरवली. हातात येणाऱ्या पगाराला नोकरीच्या एकूण तासांनी भागलं. जाण्यायेण्याचा वेळ धरून ते आठवड्याला पन्नास तास होतात. असा जो एका तासाचा मोबदला आला, त्याला शंभर मानलं. जोडकामाचा तास ऐंशीच्या खाली गेला तर ते सोडायचं, हेही तेव्हाच वहीत लिहून टाकलं. काम अंगावर आल्यावर असा आकडा ठरवायला बसलं की मन लबाडी करतं.

पहिलं पुस्तक 160 पानांचं होतं. नमुन्याची पानं मी तासाला बाराच्या वेगाने तपासली होती, म्हणून पानाला माझ्या मोजपट्टीवर दहा असा दर मान्य केला. तासाला एकशेवीस! नोकरीपेक्षा बरं.

प्रत्यक्षात रात्री जेवणानंतर वेग आठ पानांवर आला आणि पहिल्या प्रुफालाच वीस तास गेले. मग दुसरं प्रूफ आलं, ज्याचा मी दर सांगताना विचारच केला नव्हता. पहिल्या वेळच्या दुरुस्त्या खरंच झाल्यात का, आणि शब्द पुढेमागे सरकल्याने एखादी ओळ गळली किंवा मथळा पानाच्या तळाशी एकटा अडकला का, हे त्यात बघायचं असतं. त्याला सात तास लागले. शंकांचे निरोप, बिल आणि त्याची आठवण करून देणं यात आणखी तीन. मिळकत 1600, तास तीस. म्हणजे तासाला त्रेपन्न.

याहून वाईट पुढे होतं. संपादकांनी मला न दिसलेल्या 31 चुकांची यादी पाठवली. कुठलं पान किती वाजता तपासलं, हे माझ्या वहीत होतं. ताडून पाहिलं तर त्यातल्या 24 चुका रात्री साडेनऊनंतर वाचलेल्या पानांवरच्या होत्या. ओळीच्या शेवटी एक ‘आणि’, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला दुसरा, आणि मी दोन्ही सरळ गिळलेले. दमलेला डोळा कागदावर असलेलं वाचत नाही, असायला हवं ते वाचतो. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका.

नियमाप्रमाणे काम तिथेच सोडायला हवं होतं. पण हा तोटा कामाचा आहे की माझ्या वेळेचा आणि दराचा, हे कळत नव्हतं, म्हणून अजून एकच पुस्तक घेतलं. रात्रीचं काम बंद केलं आणि आठवड्यातून चार दिवस सकाळी पाऊण तास बसू लागले. खालची ओळ पट्टीने झाकून वाचायचं. मथळे, पृष्ठांक आणि अनुक्रमणिका वेगळ्या फेरीत तपासायची, कारण मजकुरात गुंतलेलं असताना त्यांच्याकडे लक्ष जातच नाही. शंका एकत्र करून एकदाच पाठवायच्या. दुसऱ्या प्रुफाचे पानामागे चार वेगळे मागितले. मागताना घसा कोरडा पडला, समोरून मात्र लगेच होकार आला.

हे पुस्तक 120 पानांचं होतं. पहिलं प्रूफ बारा तास, दुसरं चार, बाकीचं एक. सतरा तासांत 1680, म्हणजे तासाला जवळपास नव्व्याण्णव. न दिसलेल्या चुका पाच. या पैशांवरचा कर अजून द्यायचा आहे, तो गेला की आकडा खाली येईल, पण ऐंशीच्या वर राहील.

तरी आणखी एक भागाकार केला. आठवड्याला तीन तास या हिशेबाने सतरा तासांना सुमारे सहा आठवडे लागले. तेवढ्या काळातल्या पगाराशी तुलना केली तर ही मिळकत साडेपाच-सहा टक्के भरते. घरखर्चाचा भार यावर टाकता येणार नाही. मी हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवते आणि पगाराला हात न लावता घ्यायच्या गोष्टींसाठी वापरते. एवढ्यासाठी चार सकाळी द्यायला माझी तयारी आहे. पाचवी मी एकदा देऊन पाहिली, त्या आठवड्यात कचेरीतल्या दोन पत्रांवर तारखा चुकल्या.

गेल्या आठवड्यात 300 पानांचं काम आलं, पंधरा दिवसांत हवं होतं. वही उघडली. साधारण बेचाळीस तास, म्हणजे माझ्या वेगाने चौदा आठवडे. दर चांगला होता. जमणार नाही असं कळवलं आणि छोटं पुस्तक असेल तर सांगा, असं खाली लिहिलं.